संभाव्यतांची बेरीज एकच का राहते? युनिटरी कालविकास, अमोनियाच्या रेणूच्या आधाराने

पुण्यातल्या कोणत्याही महाविद्यालयात एम.एस्सी.च्या क्वांटम मेकॅनिक्सच्या तासाला बसा, पहिल्या काही आठवड्यांतच फळ्यावर एक ओळ हमखास येते: कालविकासाचा ऑपरेटर युनिटरी असतो, म्हणजेच U†U = 1, आणि म्हणून एकूण संभाव्यता कायम राहते. विद्यार्थी ही ओळ उतरवून घेतात, परीक्षेत तिचे दोन गुणही मिळवतात. पण ऑपरेटर युनिटरीच का असावा, नुसते ‘संभाव्यतांची बेरीज एक’ एवढे म्हणून का भागत नाही, असे विचारले की बहुतेक वेळा उत्तरादाखल तीच ओळ पुन्हा ऐकू येते. या लेखात तो प्रश्न एकाच उदाहरणावर, अमोनियाच्या रेणूवर, नीट सोडवून पाहायचा आहे.

अमोनियाच्या रेणूत हायड्रोजनचे तीन अणू एका त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर असतात आणि नायट्रोजनचा एक अणू त्या त्रिकोणाच्या प्रतलाच्या एका बाजूला असतो. तो वरच्या बाजूला असू शकतो किंवा खालच्या, आणि दोन्ही बाजू ऊर्जेच्या दृष्टीने अगदी सारख्या असतात. मधे ऊर्जेचा एक अडथळा आहे, पण क्वांटम नियमांनुसार नायट्रोजनला तो पार करून पलीकडे जाता येते. रेणूच्या बाकीच्या हालचाली बाजूला ठेवल्या, तर त्याची अवस्था सांगायला दोनच संख्या पुरतात: नायट्रोजन ‘वर’ असण्याचा ॲम्प्लिट्यूड c₁ आणि ‘खाली’ असण्याचा ॲम्प्लिट्यूड c₂. या दोन्ही संमिश्र संख्या आहेत. त्यांना थेट मोजता येत नाही; मोजता येते ती संभाव्यता, आणि माक्स बोर्न यांनी 1926 मध्ये मांडलेल्या नियमानुसार ती ॲम्प्लिट्यूडच्या मापांकाच्या वर्गाइतकी असते. म्हणजे वर सापडण्याची संभाव्यता |c₁|² आणि खाली सापडण्याची |c₂|². नायट्रोजन कुठे तरी सापडणारच, त्यामुळे |c₁|² + |c₂|² = 1 असले पाहिजे. c₁ आणि c₂ यांची जोडी म्हणजे एक सदिश मानला, तर ही अट त्या सदिशाची लांबी एक असण्याची अट होते.

आता वेळ पुढे सरकते आणि ही जोडी बदलते. कोणत्या नियमाने बदलते हे अजून माहीत नाही असे समजू आणि दोनच गोष्टी गृहीत धरू. पहिली अशी, की बदल रेषीय आहे: दोन अवस्थांची बेरीज करून मिळालेली अवस्था काळाबरोबर जशी बदलते, ती त्या दोघी स्वतंत्रपणे बदलून मग केलेली बेरीजच असते. याला सुपरपोझिशनचे तत्त्व म्हणतात. अर्विन श्रोडिंगर यांचे 1926 चे समीकरण रेषीय आहे, आणि आजवरच्या कोणत्याही प्रयोगात त्यापासून फारकत आढळलेली नाही. रेषीय असल्यामुळे हा बदल एका मॅट्रिक्सने लिहिता येतो. त्याला U म्हणू. दुसरी गोष्ट अशी, की कोणत्याही अवस्थेपासून सुरुवात केली तरी संभाव्यतांची बेरीज एकच राहते. या वाक्यातल्या ‘कोणत्याही’ या शब्दावर पुढचे सगळे उभे आहे, आणि घाईत वाचताना नेमका तोच निसटतो.

तो निसटला तर काय होते ते पाहण्यासाठी मुद्दाम एक चुकीचा मॅट्रिक्स घेऊ. समजा, कोणी असे सुचवले की काळ t गेल्यावर रेणूचा बदल पुढील मॅट्रिक्सने होतो, ज्यात φ हा वेळेच्या प्रमाणात वाढणारा एक कोन आहे:

```
V = [ cos φ   sin φ ]
    [ sin φ   cos φ ]
```

‘वर’ या अवस्थेपासून सुरुवात केली, म्हणजे (1, 0), तर शेवटी (cos φ, sin φ) मिळते आणि संभाव्यतांची बेरीज cos²φ + sin²φ, म्हणजे बरोबर एक येते. ‘खाली’ या अवस्थेपासून, म्हणजे (0, 1) पासून सुरुवात केली तर (sin φ, cos φ) मिळते आणि बेरीज पुन्हा एक. रेणूच्या दोनच अवस्था आहेत, दोन्हींवर तपासणी झाली, आता हा मॅट्रिक्स चालायला हरकत नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. नेहमीच्या संभाव्यताशास्त्रात ते खरेही ठरले असते. तिथे प्रत्येक सुरुवातीच्या शक्यतेपासून पुढे जाणाऱ्या संभाव्यतांची बेरीज एक असली की काम संपते, कारण कोणतेही मिश्रण म्हणजे त्याच शक्यतांची भारित सरासरी असते आणि एकांची सरासरी एकच येते.

पण रेणू (1/√2, 1/√2) या अवस्थेतही असू शकतो, म्हणजे वर आणि खाली यांच्या सुपरपोझिशनमध्ये. सुरुवातीला बेरीज ½ + ½ = 1 आहे. V लावल्यावर दोन्ही ॲम्प्लिट्यूड (cos φ + sin φ)/√2 होतात आणि संभाव्यतांची बेरीज (cos φ + sin φ)², म्हणजेच 1 + sin 2φ होते. φ चे मूल्य 45 अंश झाले की ही बेरीज 2 भरते. याउलट (1/√2, −1/√2) पासून सुरुवात केली तर बेरीज 1 − sin 2φ येते आणि त्याच 45 अंशांवर ती शून्य होते. म्हणजे रेणू वरही सापडणार नाही आणि खालीही सापडणार नाही. एका अवस्थेत रेणू दुप्पट झाला आणि दुसरीत नाहीसा झाला. ‘वर’ आणि ‘खाली’ या दोन अवस्थांवर निर्दोष ठरलेला मॅट्रिक्स त्यांच्या बेरजेवर असा कोसळतो.

कोसळण्याचे कारण वर्गाच्या विस्तारात दिसते. ॲम्प्लिट्यूड आधी मिळवले जातात आणि मग वर्ग घेतला जातो, त्यामुळे दोघांच्या गुणाकाराचे एक जादा पद तयार होते. व्यतिकरण म्हणतात ते यालाच. V या मॅट्रिक्समध्ये ‘वर’ पासून निघालेला सदिश (cos φ, sin φ) आणि ‘खाली’ पासून निघालेला सदिश (sin φ, cos φ) हे एकमेकांना लंब राहिलेले नाहीत. सुरुवातीला ते लंब होते. लांबी प्रत्येकाची शाबूत राहिली, पण त्यांच्यातला कोन बदलला, आणि म्हणून त्यांच्या बेरजेची लांबी बदलली.

इथे युनिटरी या अटीचा उगम उघड होतो. a आणि b या कोणत्याही दोन अवस्था घ्या. त्यांच्या बेरजेच्या लांबीचा वर्ग म्हणजे a च्या लांबीचा वर्ग, b च्या लांबीचा वर्ग, आणि त्यांच्या आंतर गुणाकाराच्या वास्तव भागाची दुप्पट, या तिघांची बेरीज. U प्रत्येक अवस्थेची लांबी राखत असेल तर तो a ची राखतो, b ची राखतो आणि a + b चीही राखतो. मग उरलेले तिसरे पदही राखले गेलेच पाहिजे, त्याला बदलायला वाव नाही. हाच हिशेब a + ib या बेरजेवर केला की आंतर गुणाकाराचा काल्पनिक भागही कायम राहतो हे कळते. म्हणजे प्रत्येक अवस्थेसाठी लांबी राखणे एवढीच मागणी केली, तरी कोणत्याही दोन अवस्थांमधला आंतर गुणाकार राखण्याची हमी तिच्याबरोबर आपोआप येते. मॅट्रिक्सच्या भाषेत Ua आणि Ub यांचा आंतर गुणाकार म्हणजे a आणि U†Ub यांचा आंतर गुणाकार, ज्यात U† म्हणजे U च्या ओळींचे स्तंभ करून प्रत्येक घटकाच्या जागी त्याची अनुबद्ध संख्या ठेवून मिळणारा मॅट्रिक्स. तो कोणत्याही a आणि b साठी मूळच्याइतकाच राहायचा असेल तर U†U हा एकक मॅट्रिक्स असण्याखेरीज दुसरा पर्याय नाही. फळ्यावरची ती ओळ अशी बाहेर पडते. संभाव्यता कायम राहते हे युनिटरी असण्याचे केवळ फलित नाही; रेषीयता मान्य केल्यावर त्या दोन गोष्टी एकच आहेत.

यात एक बारकावा आहे, जो दोन अवस्थांच्या रेणूत जाणवत नाही. मर्यादित संख्येच्या अवस्था असतील तर U†U = 1 असल्यावर UU† = 1 हेही आपोआप खरे ठरते. अवस्था अनंत असतील तर तसे नसते. पहिल्या अवस्थेला दुसरीत, दुसरीला तिसरीत, असे प्रत्येकीला एक घर पुढे सरकवणारा ऑपरेटर सर्व लांब्या राखतो, पण पहिल्या घरात पुन्हा कोणीच पोहोचत नाही आणि मागे परत नेणारा युनिटरी ऑपरेटर त्याला नाही. म्हणून युनिटरी म्हणताना U†U आणि UU† दोन्ही एकक असावे लागतात. एकाकी प्रणालीच्या कालविकासात दुसरी अट घड्याळ उलटे फिरवता येण्यातून पूर्ण होते: U(t) ला U(−t) रद्द करतो.

आता अमोनियाच्या खऱ्या मॅट्रिक्सकडे वळू. दोन्ही बाजूंची सामायिक ऊर्जा शून्य धरली, तर तो असा आहे:

```
U = [  cos φ    i sin φ ]
    [ i sin φ    cos φ  ]        φ = At/ħ
```

A ही एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जाण्याच्या सुलभतेचे माप असणारी ऊर्जा आहे. V पासून फरक एवढाच, की sin च्या जोडीला i आला. पण त्याने सगळे पालटते. स्तंभांची लांबी पूर्वीसारखीच एक आहे, कारण i sin φ च्या मापांकाचा वर्ग sin²φ च आहे. दोन स्तंभांचा आंतर गुणाकार घेताना मात्र पहिल्या स्तंभाच्या अनुबद्ध संख्या घ्याव्या लागतात, त्यामुळे i cos φ sin φ आणि −i cos φ sin φ अशी दोन पदे मिळतात आणि ती एकमेकांना छेदून शून्य होतात. स्तंभ लंब राहिले. (1/√2, 1/√2) या अवस्थेवर हा मॅट्रिक्स लावून पाहावा: दोन्ही ॲम्प्लिट्यूड (cos φ + i sin φ)/√2 होतात, कंसातल्या संख्येचा मापांक एक आहे, आणि बेरीज एकावरून तसूभरही हलत नाही. या अवस्थेत काळाबरोबर फक्त कला बदलते, संभाव्यता नाही; ही रेणूची −A ऊर्जेची स्थिर अवस्था आहे. (1/√2, −1/√2) ही +A ऊर्जेची दुसरी स्थिर अवस्था.

या दोन ऊर्जांमधला फरक 2A सुमारे 0.0001 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे आणि तो सुमारे 24 गिगाहर्ट्झ वारंवारितेला जुळतो. चार्ल्स टाउन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 मध्ये कोलंबिया विद्यापीठात पहिला मेसर चालवला तो याच संक्रमणावर, आणि 1968 मध्ये आंतरतारकीय अवकाशात अमोनिया सापडला तोही याच पट्ट्यातल्या रेषांमुळे. (पुण्याजवळ खोडदला जीएमआरटी असताना आपल्याला ही रेषा का पाहता येत नाही, असे विद्यार्थी विचारतात, ती दुर्बीण साधारण 1450 मेगाहर्ट्झपर्यंतच काम करते, आणि ही रेषा त्याच्या कितीतरी वर आहे.) नायट्रोजन ‘वर’ असताना घड्याळ सुरू केले, तर तो वर सापडण्याची संभाव्यता cos²φ आणि खाली सापडण्याची sin²φ. साधारण 10.4 पिकोसेकंदांनी दोन्ही निम्म्या-निम्म्या होतात, 21 पिकोसेकंदांनी तो नक्की खाली असतो, आणि 42 पिकोसेकंदांनी पुन्हा नक्की वर. प्रत्येक क्षणी वरची संभाव्यता ज्या वेगाने घटते नेमक्या त्याच वेगाने खालची वाढते; एका खात्यातून वजा झालेली रक्कम पैशाचाही फरक न पडता दुसऱ्या खात्यात जमा व्हावी, तसा हा व्यवहार आहे.

हा व्यवहार चोख राहण्याची जबाबदारी कोणाकडे असते ते पाहायचे तर अगदी लहान काळाचा विचार करावा. dt इतक्या सूक्ष्म काळात अवस्था फारशी बदलत नाही, म्हणून U ला 1 − iH dt/ħ असे लिहिता येते; यातला H म्हणजे हॅमिल्टोनियन, ऊर्जेचा ऑपरेटर. U†U काढले तर dt च्या पहिल्या घातापर्यंत 1 + i(H† − H)dt/ħ मिळते, आणि ते एक राहण्यासाठी H† = H असावे लागते. अशा मॅट्रिक्सला हर्मिशियन म्हणतात. उलट दिशेने, हर्मिशियन H पासून मिळणारा e^(−iHt/ħ) हा ऑपरेटर नेहमी युनिटरी असतो. अनंत अवस्थांसाठी हे दोन्ही दिशांनी काटेकोरपणे सिद्ध करणाऱ्या प्रमेयाला मार्शल स्टोन यांचे नाव आहे आणि त्याची पूर्ण सिद्धता 1932 मध्ये प्रसिद्ध झाली. H हर्मिशियन असण्याचे कारण पाठ्यपुस्तकांत सहसा ‘ऊर्जेची मूल्ये वास्तव असावीत’ असे दिलेले असते. ते बरोबर आहे, पण माझ्या मते ते कारण दुय्यम आहे, आणि पुढचे उदाहरण त्यासाठीच घेतले आहे.

अमोनियाच्या हॅमिल्टोनियनमध्ये कर्णावर शून्य आहे आणि उरलेल्या दोन जागी −A आहे: ‘खाली’ कडून ‘वर’ येण्यासाठी −A आणि ‘वर’ कडून ‘खाली’ जाण्यासाठीही −A. कोणी ‘वर’ कडून ‘खाली’ जाण्याची जागा −2A अशी केली आणि परतीची −A च ठेवली, तर काय होईल? या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू काढल्या तर √2 A आणि −√2 A येतात. दोन्ही वास्तव आहेत, त्यामुळे नुसत्या ऊर्जा पाहून शंका येणार नाही. पण श्रोडिंगरचे समीकरण सोडवले, तर ‘वर’ पासून सुरू झालेल्या रेणूसाठी c₁ = cos(√2 At/ħ) आणि c₂ = i√2 sin(√2 At/ħ) मिळतात. c₁ शून्य होते त्या क्षणी |c₂|² बरोबर 2 असतो: नायट्रोजन खाली सापडण्याची संभाव्यता दोनशे टक्के. जाणाऱ्या आणि येणाऱ्या वाटा एकमेकींच्या अनुबद्ध नसतील, तर एका बाजूने जितके निघते तितके दुसऱ्या बाजूला पोहोचत नाही. कधी जास्त पोहोचते, कधी कमी. ऊर्जा वास्तव असणे पुरेसे नाही. हर्मिशियन असण्याची अट मुळात या दोन वाटांचा मेळ राखते.

हे सगळे कागदावर असते तेव्हा फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती संगणकावर. श्रोडिंगरचे समीकरण संगणकाला शिकवताना विद्यार्थी सर्वांत सोपी वाट धरतात: वर लिहिलेले 1 − iH dt/ħ हेच एका पावलाचे U मानायचे आणि ते शेकडो वेळा लावत जायचे. याला ऑयलरची पद्धत म्हणतात. एका विद्यार्थ्याने मला आणून दाखवलेल्या प्रोग्रॅमचा गाभा साधारण असा होता, ज्यात A dt/ħ हे 0.1 धरले आहे, म्हणजे एक पाऊल सुमारे 1.3 पिकोसेकंदांचे:

```python
import numpy as np
H = np.array([[0, -1], [-1, 0]], dtype=complex)
I = np.eye(2)
th = 0.1
U = I - 1j*th*H
psi = np.array([1, 0], dtype=complex)
for n in range(100):
    psi = U @ psi
print(np.vdot(psi, psi).real)
```

शंभर पावलांनंतर छापून येणारी संख्या 2.7048 आहे. तिचे कारण शोधायला प्रोग्रॅम चाळण्याची गरज नाही. E ऊर्जेच्या स्थिर अवस्थेवर एक पाऊल म्हणजे 1 − iE dt/ħ ने गुणणे, आणि त्या संख्येच्या मापांकाचा वर्ग 1 + (E dt/ħ)² असतो, जो E शून्य नसेल तर एकापेक्षा नेहमीच मोठा. इथे दोन्ही स्थिर अवस्थांसाठी तो 1.01 आहे, आणि 1.01 चा शंभरावा घात म्हणजे 2.7048. आधी आपण U†U मध्ये dt च्या पहिल्या घातापर्यंतच पाहिले होते. दुसऱ्या घाताचे जे पद तिथे सोडून दिले, तेच इथे प्रत्येक पावलाला साचत गेले. पाऊल दहापट लहान करून पावले दहापट वाढवली तर बेरीज 1.105 वर येते, म्हणजे चूक आटोक्यात येते पण संपत नाही, आणि गणना लांबवली की पुन्हा फुगते.

एकूण संभाव्यता छापून पाहणे हा म्हणूनच पहिला तपास असतो, आणि तो करतानाही एक जागा घसरण्याची आहे. `np.vdot` पहिल्या सदिशाच्या अनुबद्ध संख्या घेतो. त्याऐवजी `np.dot(psi, psi)` लिहिले तर ॲम्प्लिट्यूडचा मापांक न घेता नुसता वर्ग होतो, आणि अमोनियासाठी cos²φ + (i sin φ)², म्हणजे cos 2φ मिळतो. अगदी अचूक उत्तरावरही ही बेरीज एक आणि उणे एक यांच्यात हेलकावे खाताना दिसते. बेरीज हळूहळू एकाच दिशेने वाढत असेल तर पद्धतीवर संशय घ्यावा. ती ऋण होत असेल तर पद्धतीला हात लावण्याआधी बेरीज काढणारी ओळ तपासावी.

बेरीज फुगते म्हटल्यावर अनेकांना सुचणारा उपाय म्हणजे प्रत्येक पावलानंतर सदिशाला त्याच्या लांबीने भागून टाकणे. मग छापलेली बेरीज नेहमीच एक येते आणि मन शांत होते. हा उपाय मला धोक्याचा वाटतो, कारण तो रोग तसाच ठेवून फक्त लक्षण पुसतो. वरच्या उदाहरणात दोन्ही ऊर्जांची मूल्ये चिन्ह सोडता सारखी आहेत, म्हणून दोन्ही घटक सारखेच फुगतात आणि भागाकाराने फार बिघडत नाही. पण ऊर्जेचा शून्यबिंदू थोडा सरकवला, उदाहरणार्थ दोन ऊर्जा 0 आणि 2A अशा झाल्या, तर पहिला घटक मुळीच फुगत नाही आणि दुसऱ्याचा वर्ग प्रत्येक पावलाला 1.04 पट होतो. शंभर पावलांत दुसरा घटक पहिल्याच्या तुलनेत वर्गाने जवळपास पन्नास पट होतो. भागाकारानंतर बेरीज एकच दिसते, मात्र रेणू जवळजवळ पूर्णपणे वरच्या ऊर्जेच्या अवस्थेत जाऊन बसलेला असतो. ऊर्जेचा शून्यबिंदू कुठे धरायचा ही निव्वळ आपली सोय असते, त्याने भौतिक उत्तर बदलता कामा नये. इथे ते बदलले.

योग्य उपाय हा, की एका पावलाचा मॅट्रिक्सच युनिटरी निवडावा. त्यासाठी वरच्या प्रोग्रॅममधली एकच ओळ बदलावी लागते:

```python
U = np.linalg.solve(I + 0.5j*th*H, I - 0.5j*th*H)
```

जॉन क्रँक आणि फिलिस निकोलसन यांनी 1947 मध्ये उष्णतेच्या प्रवाहाच्या समीकरणासाठी दिलेली ही पद्धत. तिच्यात अर्धे पाऊल आजच्या अवस्थेवरून पुढे आणि अर्धे उद्याच्या अवस्थेवरून मागे मोजले जाते. E ऊर्जेच्या अवस्थेसाठी गुणक (1 − iθ/2)/(1 + iθ/2) होतो, ज्यात θ = E dt/ħ. अंश आणि छेद एकमेकांच्या अनुबद्ध संख्या आहेत, त्यामुळे मापांक नेमका एक येतो, θ लहान असो की मोठा. बेरीज 1 च्या जागी संगणकाच्या दशांश अचूकतेइतकीच हलते. मात्र बेरीज एक आली म्हणजे उत्तर बरोबर आले, असे समजू नये. या पद्धतीत प्रत्येक पावलाला कला θ ने नव्हे तर 2 arctan(θ/2) ने, म्हणजे जवळपास θ³/12 ने कमी पुढे सरकते. θ = 0.1 असताना शंभर पावलांत हा फरक सुमारे 0.008 रेडियन होतो, जो क्षम्य आहे. θ = 1 घेतला तर बेरीज तितकीच निर्दोष राहते, पण शंभर पावलांत रेणूचे घड्याळ सात रेडियनांहून अधिक मागे पडते आणि नायट्रोजन कोणत्या क्षणी कुठे असेल हे उत्तर निरुपयोगी ठरते. हे ओळखायला बेरीज नव्हे, तर पाऊल निम्मे करून उत्तर बदलते का, हे पाहावे लागते.

शेवटचा मुद्दा युनिटरी असण्याच्या हद्दीचा. वरचा सगळा युक्तिवाद एकाकी प्रणालीचा आहे, जिच्या सर्व शक्यता आपण मोजणीत धरल्या आहेत. अमोनियाचा रेणू +A च्या अवस्थेत असेल तर कधी तरी तो 24 गिगाहर्ट्झचा फोटॉन सोडून −A च्या अवस्थेत उतरतो. हे आपणहून व्हायला लागणारा काळ महिन्यांच्या हिशेबात मोजावा लागतो, म्हणून पिकोसेकंदांच्या चर्चेत तो बाजूला ठेवता आला. तो धरायचा झाला तर पुष्कळदा वरच्या अवस्थेच्या ऊर्जेत −iΓ/2 असे एक काल्पनिक पद जोडतात. H आता हर्मिशियन राहत नाही आणि वरच्या अवस्थेची संभाव्यता e^(−Γt/ħ) या दराने घटत जाते. इथे बेरीज एकापेक्षा कमी होते ती चूक म्हणून नव्हे, तर ‘रेणू खाली उतरला आणि एक फोटॉन बाहेर आहे’ ही शक्यता आपण मुद्दाम मोजणीबाहेर ठेवली म्हणून. घटलेला प्रत्येक अंश त्या शक्यतेच्या नावे असतो, आणि विद्युतचुंबकीय क्षेत्र प्रणालीत सामील करून घेतले की मोठ्या प्रणालीचा H पुन्हा हर्मिशियन आणि तिचा कालविकास पुन्हा युनिटरी होतो. मोजमापाची गोष्ट याहून वेगळी आहे. नायट्रोजन वर सापडला असे नोंदल्यानंतर आपण c₂ टाकून देतो आणि c₁ ला पुन्हा एक लांबीचे करतो. ही क्रिया युनिटरी नाही, ती उलटवताही येत नाही, आणि यंत्रासकट सगळे एकाच मोठ्या U मध्ये बसवल्यावरही एकाच निष्पत्तीची नोंद कशी उरते, यावर भौतिकशास्त्रज्ञांचे आजही एकमत नाही.